‘नाही’ कुठे गेलं? अर्धवट तुटणाऱ्या आवाजी संदेशांच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

आजपासून हे काम माझ्याकडे आलं. आमचं ॲप घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या ताईंसाठी आहे. पाळी संपली की त्या माइकचं बटण दाबून बोलतात, बोलणं थांबलं की ॲप त्याचा मजकूर करतं आणि पुढच्या पाळीच्या ताईंना आपोआप पाठवतं. हातात मोजे असतात, एका हातात बऱ्याचदा काहीतरी धरलेलं असतं, त्यामुळे टाइप करायला लावणं शक्य नाही.

तक्रार सगळ्यांची एकच आहे: "वाक्य मध्येच तुटतं." कधी, कुठे, का, हे कोणालाच सांगता येत नाही. मी आज दिवसभर नुसते मजकूर वाचले आणि एवढंच कळलं की मजकूर वाचून यातलं काही कळणार नाही. जे आलंच नाही ते वाचणार कसं?

५ फेब्रुवारी

चाचणीची वेगळी आवृत्ती काढली. बदल दोनच आहेत. पहिला म्हणजे ॲपने "बोलणं संपलं" असं ठरवलं तरी माइक पुढे पाच सेकंद चालू राहतो आणि ते सगळं रेकॉर्डिंग जपून ठेवलं जातं. दुसरा म्हणजे प्रत्येक संदेशासोबत तो कशामुळे संपला याची नोंद होते: शांततेमुळे, कमाल वेळेमुळे, बटण दाबल्यामुळे की मध्ये फोन आल्यामुळे. आजवर ही नोंद आपण ठेवतच नव्हतो. तुटलेला संदेश आणि नीट संपलेला संदेश यांच्यात ॲपच्या लेखी काही फरकच नव्हता.

चाचणीतल्या ताईंना मी स्वतः फोन करून सांगितलं की माइक पाच सेकंद जास्त ऐकतो आणि रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी पुसलं जातं. दोघींनी नको म्हटलं, त्यांच्या फोनवर जुनीच आवृत्ती राहू दिली. या काळात वहीतली नोंद हीच खरी, ॲपचा संदेश फक्त जोडीला, हेही पुन्हा सांगितलं.

६ फेब्रुवारी

सहकाऱ्याने विचारलं, हे सगळं स्वतः कशाला करायचं, अँड्रॉइडमधलंच आवाज ओळखणं वापरू आणि शांततेचा वेळ वाढवून देऊ. त्यासाठी `EXTRA_SPEECH_INPUT_COMPLETE_SILENCE_LENGTH_MILLIS` नावाची सोय आहे. सकाळभर तिच्यावर घालवली. एका फोनवर तीन सेकंद दिले तर तीन सेकंद थांबलं, दुसऱ्या दोन फोनवर आकडा कितीही दिला तरी काही फरक पडला नाही. दस्तऐवजातही स्पष्ट लिहिलं आहे की ओळखणाऱ्या यंत्रणेनुसार या आकड्याचा परिणाम होईलच असं नाही. अँड्रॉइड १३पासून तुकड्यातुकड्याने ओळखायची `EXTRA_SEGMENTED_SESSION` ही सोय आहे, पण आमच्या निम्म्या ताईंचे फोन त्याहून जुने आहेत. तो रस्ता सोडला. आवाज आपणच पकडायचा आणि बोलणं कधी संपलं हेही आपणच ठरवायचं, म्हणजे चूक झाली तर ती कुठे झाली हे तरी दिसेल.

९ फेब्रुवारी

चाळीस रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकली. अकरा तुटलेली आहेत. ऐकताना वाटलं प्रत्येकाचं कारण वेगळं असेल, पण संपण्याच्या कारणानुसार वेगळी केली तर दोनच ढीग झाले. सात संदेश शांततेमुळे संपलेले, चार कमाल वेळेमुळे, म्हणजे बरोबर ६० सेकंदांवर. आवाजाचा मजकूर करणाऱ्या ज्या सेवेला आपण रेकॉर्डिंग पाठवतो तिला एका विनंतीत एक मिनिटापर्यंतचाच आवाज चालतो, म्हणून आपण ६० सेकंदांना माइक बंद करतो.

अकराही रेकॉर्डिंगमध्ये मागे काही ना काही गोंगाट आहे: हवा बाहेर फेकणारा पंखा, वाहता नळ, टीव्ही. म्हणजे गोंगाटाने काही संदेश वेळेआधी तुटतात आणि काही वेळेवर संपतच नाहीत, मग टाइमआउटने तुटतात. एकाच गोंगाटाचे असे दोन उलटे परिणाम कसे, हे कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही असं ठरवलं.

१० फेब्रुवारी

आज दिवसभर एकच रेकॉर्डिंग, क्रमांक २३. पोहोचलेला मजकूर असा: "रात्रीची गोळी द्यायची".

माइकवर ताई प्रत्यक्षात म्हणाल्या: "रात्रीची गोळी द्यायची… नाही. उद्या डॉक्टर बघतील, मग ठरवू."

हे ऐकून मी दोन मिनिटं नुसतीच बसून राहिले. वहीत "देऊ नये" असं लिहिलेलं होतं आणि पुढच्या ताईंनी वही पाहिली, म्हणून काही झालं नाही. पण मजकूर वाचून कोणालाही शंका आली नसती. व्याकरणाने वाक्य पूर्ण आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही नंतर येतो. शेवटचा एक शब्द गेला तर वाक्य अर्धवट दिसत नाही, उलट्या अर्थाने पूर्ण दिसतं.

नोंद अशी आहे:

```
id=23 dur=6.42 sent=5.82 end=silence
floor=-37.2 thr=-28.2 tail_peak=-30.1
```

आकडे डेसिबलमध्ये आहेत. शून्य म्हणजे माइकची कमाल पातळी, त्यामुळे सगळे उणे, आणि शून्याच्या जितके जवळ तितका आवाज मोठा. `floor` म्हणजे मागच्या गोंगाटाची तळपातळी. तिच्यात ९ मिळवले की `thr`, म्हणजे उंबरठा. त्याच्या वरचं ते बोलणं, खालचं ती शांतता. ८०० मिलिसेकंद शांतता झाली की बोलणं संपलं असं आपलं ॲप मानतं.

आता घड्याळ लावून पाहिलं. "द्यायची" ५.६२ सेकंदाला संपतं. मग साधारण अर्ध्या सेकंदाचा थांबा, कारण ताई कागद बघत असाव्यात. ६.०७ला "नाही" सुरू होतं आणि ६.४०ला संपतं. ६.४२ला, ५.६२पासून मोजून बरोबर ८०० मिलिसेकंदांनी, ॲपने माइक बंद केला.

म्हणजे "नाही" रेकॉर्ड झालं होतं! पूर्ण शब्द, स्पष्ट ऐकू येतो. पण त्याची सगळ्यात मोठी पातळी -३०.१ आणि उंबरठा -२८.२. दोन डेसिबलने खाली राहिला म्हणून तो शब्द शांततेत मोजला गेला. आणि पाठवण्याआधी आपण शेवटची शांतता छाटतो, ०.२ सेकंद ठेवून बाकीची काढतो. त्या छाटणीत "नाही" गेलं. ओळखणाऱ्या सेवेने चूक केलेली नाही, तिला तो शब्द मिळालाच नाही. तो आपल्याच ॲपने पुसला.

११ फेब्रुवारी

छाटणी बंद केली. थोडा डेटा वाचावा म्हणून ती होती. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका वाहिनीच्या आवाजाला सेकंदाला ३२,००० बाइट लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या छाटणीने वाचत होते १६ किलोबाइट. एवढ्यासाठी. आजच सगळ्यांच्या फोनवर नवी आवृत्ती पाठवली, बाकी दुरुस्त्यांची वाट पाहिली नाही.

१३ फेब्रुवारी

शेवटचाच शब्द उंबरठ्याखाली का जातो ते तपासलं. शांत खोलीतली दहा रेकॉर्डिंग घेतली आणि वाक्याच्या सुरुवातीची व शेवटची पातळी मोजली. बहुतेक वाक्यांचा शेवट सुरुवातीपेक्षा सहा ते दहा डेसिबलने हळू आहे. आपण बोलताना श्वास संपत येतो आणि आवाज उतरतो, हे सगळ्याच माणसांचं होतं. गोंगाटात माणूस आपसूक मोठ्याने बोलतो (फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११मध्ये हे मांडलं, त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो), म्हणून मला वाटलं होतं गोंगाटातल्या रेकॉर्डिंगमध्ये हा प्रश्न कमी असेल. सुरुवात खरंच मोठी आहे, पण शेवट तिथेही उतरतोच.

म्हणजे गोंगाटाने उंबरठा वर गेला की पहिला बळी वाक्याचा शेवट. आणि मराठीत "नाही", "नको", "नका" तिथेच बसलेले असतात.

१६ फेब्रुवारी

दुसरा ढीग. क्रमांक ३१ घेतलं. ताईंनी शांत खोलीत बोलायला सुरुवात केली, तळपातळी -५८ ठरली, उंबरठा -४९. चौथ्या सेकंदाला शेजारी कोणीतरी नळ सोडला. नळाचा आवाज -३६च्या आसपास, उंबरठ्याच्या कितीतरी वर. आपला कोड आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे फ्रेम, पाडतो आणि तळपातळी फक्त शांततेच्या फ्रेममध्ये सुधारतो, आणि आता शांतता येतच नाही कारण नळच "बोलतो" आहे. कोड तिथेच अडकला.

ताई चौदाव्या सेकंदाला थांबल्या. संदेश जाईना. त्या वाट पाहत राहिल्या, रेकॉर्डिंगमध्ये नुसतं पाणी ऐकू येतं. मग "गेला नाही वाटतं" असं पुटपुटून पन्नासाव्या सेकंदाच्या सुमाराला त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं आणि ६०ला माइक बंद झाला. मजकुराचा शेवट: "ताप एकशे". एकशे किती?

गंमत अशी की यावर पुढच्या ताईंनी लगेच फोन करून विचारलं, कारण तुटलेलं दिसत होतं. २३ क्रमांकावर कोणी विचारलं नाही.

उलट्या परिणामांचं कोडंही सुटलं. गोंगाट बोलण्याआधीपासून असेल तर पहिल्या ३०० मिलिसेकंदांत तळपातळी त्यावरच ठरते, उंबरठा वर जातो आणि बोलणंच शांतता ठरतं. गोंगाट बोलता बोलता सुरू झाला तर तळपातळी जुनीच राहते आणि गोंगाटच बोलणं ठरतो. कोड तोच, गोंगाट केव्हा आला त्यावर सगळं अवलंबून. चाळीसही रेकॉर्डिंगवर हे पडताळलं, टीव्हीची दोन सोडून सगळी बसतात.

१९ फेब्रुवारी

तळपातळी मोजण्याची पद्धत बदलली. आता ती प्रत्येक २० मिलिसेकंदांच्या फ्रेमला सुधारते, बोलणं चालू असो वा नसो. खाली यायचं असेल तर झटकन, वर जायचं असेल तर सावकाश.

```
if (db < floor) floor += 0.5 * (db - floor)
else            floor += min(0.06, db - floor)
```

फ्रेममागे ०.०६ म्हणजे सेकंदाला ३ डेसिबल. ३१ क्रमांकात -५८वरून -४५पर्यंत चढायला साधारण साडेचार सेकंद लागतील, तेव्हा उंबरठा -३६ होईल आणि नळ शांततेत मोजला जायला लागेल. मग बोलण्यानेही तळपातळी चढत नाही का? थोडी चढते, पण बोलण्यात अक्षराअक्षरांमध्ये आणि शब्दांमध्ये फटी असतात. त्या फटीत पातळी पडली की तळपातळीही लगेच खाली येते. यंत्राच्या घरघरीत अशा फटी नसतात. हा सगळा हिशोब त्या फटींवर उभा आहे.

२० फेब्रुवारी

एकाऐवजी दोन उंबरठे केले. बोलणं सुरू झालं असं मानायला तळपातळीच्या वर ९ डेसिबल हवेत, पण एकदा सुरू झालं की ते चालू आहे असं मानायला ४ पुरेत. २३ क्रमांकात चालू ठेवायचा उंबरठा -३३.२ होतो आणि "नाही" -३०.१ला, म्हणजे तीन डेसिबल वर. पंख्याचा आवाज एकदोन डेसिबलने वरखाली होतो, तो ४च्या आत राहतो. ४ऐवजी २ करून पाहिलं तर पंखाच बोलणं ठरायला लागला.

२४ फेब्रुवारी

एका फोनवर अजूनही थांब्याच्या जागी गोंगाट हळूहळू मोठा होताना दिसत होता. माणूस गप्प बसला की अर्ध्या सेकंदात पंख्याचा आवाज वर येतो, बोलू लागला की खाली बसतो. फोन स्वतःच हळू आवाज वाढवून देत होता. माइक `MIC` म्हणून उघडला होता तो `VOICE_RECOGNITION` म्हणून उघडला, कारण त्यात आवाज आपोआप वाढवणं बंद असणं अपेक्षित असतं. त्या फोनवर फरक लगेच दिसला. हे पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

आता खरे थांबे. गोंगाट नसतानाही माणूस वाक्यात थांबतो, नाव आठवतो, कागद बघतो. ८०० मिलिसेकंद त्याला पुरत नाहीत. १५०० केले. ताईंना विचारलं, वाट पाहावी लागते का? एक म्हणाल्या, "थांबेन की मी, पण माझं बोलणं तोडू नका."

शिवाय तोवर ओळखलेल्या मजकुराचा शेवटचा शब्द "आणि", "पण", "म्हणून", "की", "तर" यांपैकी असेल तर आणखी एक सेकंद थांबायचं. हे चांगलं चालतंय, पण याच्यावर भिस्त ठेवायची नाही. "गोळी द्यायची" या मजकुराला ही युक्ती कधीच पकडणार नाही, कारण त्यात अपुरं काहीच दिसत नाही.

४ मार्च

६० सेकंदांची मर्यादा सेवेची आहे, ती बदलत नाही, पण ती माणसावर लादायची गरज नाही. आता ४५ सेकंद झाले की ॲप ३०० मिलिसेकंदांचा थांबा शोधायला लागतं, सापडला की तिथे तुकडा पाडून पाठवतं आणि माइक चालूच राहतो. ५८पर्यंत थांबा सापडलाच नाही तर तिथे कापायचं, पण पुढचा तुकडा एक सेकंद मागून सुरू करायचा, म्हणजे कापलेला शब्द दुसऱ्या तुकड्यात पूर्ण मिळतो.

यात एक चूक झाली. दोन्ही तुकड्यांत आलेले सारखे शब्द एकदाच ठेवायचे म्हणून मी मजकुरावरून जुळवणी केली. ताई म्हणाल्या होत्या "हळू हळू भरवा", मजकूर आला "हळू भरवा". "नको नको" चंही तेच झालं. मराठीत शब्द दुप्पट होणं रोजचंच आहे, मजकुराच्या जुळवणीला ते कळत नाही. आता सेवा प्रत्येक शब्दाची वेळ देते तिच्यावरून जोडते: जो शब्द आधीच्या तुकड्याच्या हद्दीत पूर्ण बसतो तो तिथलाच, हद्दीवर कापला गेलेला पुढच्या तुकड्यातून.

९ मार्च

टीव्हीची दोन रेकॉर्डिंग. टीव्हीवर माणसं बोलतात, त्यांच्या बोलण्यातही फटी आहेत, तळपातळी चढतच नाही. पातळी मोजून माणूस आणि टीव्ही वेगळे करता येणार नाहीत, कितीही आकडे फिरवले तरी. तिथे बोलणं कधी संपलं हे फक्त बोलणाऱ्यालाच ठाऊक असतं, म्हणून थांबवायचं बटण पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागाएवढं मोठं केलं. कोपराने दाबता येतं. एका ताईंनी तसं करून दाखवलं.

१२ मार्च

आपोआप पाठवणं बंद. यावर टीममध्ये वाद झाला, एक टप्पा वाढतो हे खरं आहे. पण यंत्राने "संपलं" ठरवणं आणि संदेश रुग्णापर्यंत पोहोचणं यांच्यात एक माणूस हवाच, यावर मी मागे हटले नाही. आता माइक बंद झाला की फोन दोनदा थरथरतो, शेवटचे चार शब्द मोठ्या अक्षरांत दिसतात आणि खाली दोनच बटणं असतात: "पाठवा" आणि "अजून बोलायचंय". दुसरं दाबलं की तिथूनच पुढे सुरू. संदेश कमाल वेळेमुळे किंवा फोन आल्यामुळे संपला असेल आणि तरी पाठवला, तर वाचणाऱ्या ताईंना त्याच्या शेवटी लाल अक्षरांत "इथे रेकॉर्डिंग तुटलं" असं दिसतं.

शेवटचे चार शब्दच का? आधी पूर्ण मजकूर दाखवत होतो, तेव्हा ताई सुरुवात वाचायच्या आणि पाठवायच्या. तुटतो तो शेवट.

१८ मार्च

ज्यांनी संमती वाढवून दिली त्यांची तीच चाळीस रेकॉर्डिंग नव्या कोडमधून पुन्हा चालवली. अकरापैकी नऊ पूर्ण आली. उरलेली दोन टीव्हीची, ती अजूनही मिनिटाच्या पुढे जातात, पण आता तुकड्यांत जातात आणि काही हरवत नाही, फक्त टीव्हीवरची वाक्यं मजकुरात मिसळतात. ती कशी वेगळी करायची हे पुढचं काम.

२३ क्रमांकाचा नवा मजकूर: "रात्रीची गोळी द्यायची नाही उद्या डॉक्टर बघतील मग ठरवू".

संध्याकाळी त्या ताईंना फोन करून हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, असंच म्हणाले होते मी." मग त्यांनी विचारलं, विरामचिन्हं कधी येणार. उद्यापासून ते बघते.